फ्लेमिंगो मोजणी, अपडेट: ‘भरतीच्या वेळी’ या दोन शब्दांनी घातलेला घोळ

मंडळी, नवी मुंबईतल्या सीवूड्सच्या तळ्यावरची रोहितची, म्हणजे फ्लेमिंगोंची, या हंगामाची मोजणी जोरात सुरू आहे, पण आज पक्ष्यांपेक्षा अहवालाबद्दल जास्त लिहिणार आहे. मागच्या अपडेटमध्ये म्हटलं होतं की कार्यपद्धतीचा भाग लिहून झाला की एका नव्या माणसाच्या हातात द्यायचा, सोबत कोणी जायचं नाही, फोनवरही काही सांगायचं नाही. घणसोलीची आमची मैत्रीण तयार झाली. दुर्बीण तिच्या हातात रोजची आहे, पण या तळ्यावर ती पूर्वी कधी आली नव्हती.

आमचा आकडा होता 1,900च्या आसपास. तिचा आला 310.

मधे जेमतेम नऊ दिवस गेलेले. पक्षी कुठे निघून गेले नव्हते, तिला मोजता येत नाही असंही नाही. तिने पानावर लिहिलेलं सगळं तंतोतंत केलं होतं. पानावर वाक्य होतं: ‘भरतीच्या वेळी तळ्याच्या बांधावरून रोहित मोजले.’ ती भरतीच्या वेळी गेली, बांधावर उभी राहिली, मोजलं. आम्ही गेलो होतो पौर्णिमेनंतरच्या प्रतिपदेला. तक्त्यात भरती दुपारी 12:40 ची, उंची 4.3 मीटर. ती गेली दशमीला. भरती सकाळी साडेसातची, उंची 3.4 मीटर. दोन्ही भरत्याच. पण एक उधाणाची आणि दुसरी भांगाची.

आपल्यापैकी बहुतेकांना हे माहीत आहे, म्हणूनच ते लिहायचं राहतं. रोहित तळ्यावर येतात ते खाडीतला चिखल पाण्याखाली गेला म्हणून. ओहोटीला ते चिखलावर चरत असतात, पाणी चढलं की उभं राहायला उथळ जागा शोधत तळ्यांकडे वळतात. भांगाच्या भरतीला पाणी इतकं चढतच नाही. चिखलाचे पट्टे उघडे राहतात आणि बराचसा थवा तिथेच थांबतो. म्हणजे तिचे 310 चुकीचे नव्हते. त्या दिवशी तळ्यावर खरोखर तेवढेच असणार. तिने वेगळीच गोष्ट मोजली आणि आमच्या वाक्याने तिला ती मोजू दिली.

ऐरोलीच्या कोळी काकांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, “अहो, तिथी नाही का लिहायची? तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ आली.” हिशेब सगळ्यांना ठाऊक असेल: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. यातून एक फार कामाची गोष्ट निघते. आपल्याकडे उधाणाची भरती दुपारी आणि मध्यरात्रीच्या सुमारास येते, भांगाची सकाळ-संध्याकाळी. म्हणजे भांगाच्या मोजणीला उजेडही तिरपा आणि कमी. नुसती तारीख लिहिली तर वाचणाऱ्याला हे दिसत नाही. आता प्रत्येक मोजणीपुढे तारीख, तिथी, तक्त्यातली वेळ आणि तक्त्यातली उंची असे चार रकाने आहेत.

तरीही काम संपलं नाही. तक्ता कुठला? आमचा तक्ता अपोलो बंदरचा. मैत्रिणीच्या फोनमधल्या अॅपने जवळचं म्हणून कुठलं तरी वेगळंच ठाणं धरलं होतं आणि त्याची वेळ आमच्या वेळेशी जुळेना. माझं मत स्पष्ट आहे: अॅप सोयीचं असेल, पण त्यातली वेळ कुठल्या ठाण्याची आहे हे जर ते ठळक सांगत नसेल, तर अहवालासाठी ते वापरू नये. छापील तक्ता बरा, त्यावर ठिकाणाचं नाव तरी असतं.

आणि अपोलो बंदरला भरती झाली म्हणजे आपल्या खाडीत त्याच मिनिटाला झाली असं नाही. पाणी आत यायला वेळ लागतो, जितकं आत जाल तितका उशीर. हा उशीर किती हे आम्ही मोजायचं ठरवलं आणि इथेच सगळ्यात जास्त डोकं खाल्लं गेलं. कारण भरतीचा माथा सपाट असतो. शेवटच्या टप्प्यात पाणी जवळजवळ थांबतं, खांबावर डोळा लावून बसलं तरी ‘आता सर्वांत वर’ असं म्हणता येत नाही. दोघं जण शेजारी उभे राहिले तर दोघांच्या वेळा वेगळ्या येतात.

सुचलेला उपाय साधा आहे आणि तो जमल्याचा आनंद अजून उतरलेला नाही. माथा बघायचाच नाही. जेट्टीच्या खांबावर माथ्याच्या थोडं खाली खडूने खूण करायची. चढतं पाणी खुणेला लागलं ती वेळ लिहायची, उतरतं पाणी त्याच खुणेला आलं ती वेळ लिहायची, आणि दोन्हींचा मध्य काढायचा. खुणेजवळ पाणी चांगलं हलत असतं, त्यामुळे वेळ मिनिटापर्यंत सांगता येते. आमच्या खुणेला पाणी चढताना लागलं 12:22 ला, उतरताना 13:38 ला. मध्य 13:00. तक्त्यात 12:40 होते, म्हणजे आमच्या जागी 20 मिनिटांचा उशीर. खूण फार खाली करू नका. खाडीत चढण्याचा आणि उतरण्याचा वेग सारखा नसतो, त्यामुळे खूण जितकी खाली तितका मध्य सरकतो. आणि हे 20 मिनिटं कृपा करून उचलून तुमच्या अहवालात घालू नका. तुमच्या जागेचा उशीर तुम्हीच काढा. पद्धत लिहिली आहे ती त्यासाठीच.

हे सगळं लिहून झाल्यावर मसुद्यातलं वाक्य असं झालं होतं: ‘अपोलो बंदरच्या तक्त्यानुसार 4 मीटर किंवा अधिक उंचीच्या भरतीला, स्थानिक माथ्याच्या अर्धा तास आधीपासून अर्धा तास नंतरपर्यंत.’ बरं वाटत होतं. पण हे लिहितानाच मनात आलं, की तक्ता हा अंदाज असतो. वारा जोराचा असेल तर पाणी त्याच्याहून वर-खाली राहतं. आणि आपल्याला मीटरशी देणंघेणं नाही, चिखल झाकला गेला का याच्याशी आहे. मग ते डोळ्यांनी बघूनच का लिहू नये? म्हणून अट बदलली: मोजणी सुरू करण्यापूर्वी ठरलेल्या जागेवरून खाडीकडे बघायचं, तिवरांच्या कडेचा चिखल पूर्ण झाकलेला असला पाहिजे, आणि त्याचा फोटो वेळेसकट जोडायचा. 4 मीटर हा आकडा दिवस निवडण्यापुरता ठेवला. तळ्याच्या पाण्याचंही तेच. तळ्यात पाणी फार चढलं तर छोट्या रोहितला पाय टेकायला जागा उरत नाही, म्हणून तळ्यातल्या ठरलेल्या खांबावरची पातळीही आता दरवेळी लिहिली जाते.

उभं राहायची जागा पटकन सांगते. ‘बांधावरून’ हे पुरेसं नाही. अक्षांश-रेखांश दशांशात, चार स्थळांपर्यंत. चौथं स्थळ म्हणजे साधारण 11 मीटर, बांधावर तेवढं चालतं. शिवाय डोळ्याची उंची. बांधाच्या खालच्या अंगाला उभं राहिलं तर पुढचे पक्षी मागच्यांना झाकतात आणि आकडा घटतो, चार पावलं वर चढलं की मागची रांग मोकळी होते.

मोजायची पद्धत मात्र दोन ओळींत उरकता येणार नाही. ‘गट मोजणी केली’ असं आपण सगळेच लिहितो. गट केवढा? आमचं आता असं आहे: डाव्या टोकापासून सुरुवात, पहिले दहा एकेक करून मोजायचे, दहांनी नजरेत किती जागा व्यापली ते धरायचं, तशा दहा तुकड्यांचा शंभराचा गट करायचा, आणि मग शंभराच्या उड्या मारत उजवीकडे जायचं. प्रत्येक शंभराला टॅली काउंटरची एक कळ. थव्याची मागची फळी लांब असल्याने दाट दिसते, तिथे दहाचं माप पुन्हा बसवायचं. पुढच्या फळीचं माप मागे चालवलं तर आकडा कमी येतो. मोजून झालेल्या भागातून उडाले ते मोजलेलेच राहतात, मोजून झालेल्या भागात नंतर येऊन बसले ते धरायचे नाहीत. कुत्रं शिरलं आणि अर्धा थवा उठला तर आकडा टाकून द्यायचा, थवा बसला की पहिल्यापासून, आणि असं झालं हे नोंदवायचं. (काउंटर धातूचाच घ्या. प्लास्टिकवाल्याची कळ घामट हातात दोनदा पडते. दुर्बीण 8×42 पुरते. मोठा आणि छोटा रोहित वेगळे करायचे असतील तरच स्कोप, कारण चोच नीट दिसावी लागते: छोट्याची गडद लालसर, मोठ्याची गुलाबी आणि टोकाला काळी.)

नवा मजकूर हातात देऊन मैत्रिणीला पुढच्या उधाणाला पाठवलं. त्याच वेळी आमच्यातला एक जण त्याच जागेवर, पण तिच्याशी न बोलता आणि तिचा कागद न बघता मोजत होता. तिचे आले 1,740, त्याचे 1,860. फरक 120 चा, म्हणजे शेकडा सात धरा. हजारावरच्या हलत्या थव्यासाठी मला हे फार आवडलं. दोन्ही आकडे अहवालात तसेच ठेवले आहेत, सरासरी काढून एक केलेला नाही, कारण दोन माणसांत किती फरक पडतो हे पुढच्या माणसाला कळलं तरच त्याला स्वतःचा आकडा कुठे बसतो ते बघता येईल.

तिने परत येऊन चार प्रश्न विचारले. पिल्लं, म्हणजे करडी पोरं, धरायची का? झोपलेल्या पक्ष्याची चोच पिसांत असेल तर मोठा की छोटा कसं ठरवायचं? तळ्याच्या पलीकडच्या नाल्यात उभे असलेले आपले का? मोजणी ठरलेल्या वेळेत संपली नाही तर? पहिल्या तिन्हींची उत्तरं आज मसुद्यात घातली: करडी धरायची पण वेगळ्या रकान्यात, चोच न दिसणारे ‘अनिश्चित’ म्हणून लिहायचे, आजूबाजूच्यांवरून वाटून टाकायचे नाहीत, नाल्यातले नाहीत, आणि तळ्याची हद्द नकाशावर रेघेने आखून जोडली आहे. चौथ्याचं अजून ठरत नाही. थवा मोठा असला की वेळ जास्त लागणार आणि तोवर पाणी उतरायला लागणार. तळ्याचे दोन भाग करून दोघांनी एकदम मोजावं असं मला वाटतं, पण मग मधल्या रेघेवरच्या पक्ष्यांचं काय, हा नवा प्रश्न.

आणखी एक विचार लिहिता लिहिताच पक्का झाला. तिचे 310 टाकून द्यायचे नाहीत. भांगाच्या भरतीची वेगळी मालिका सुरू करते, तीच जागा, तोच गट, फक्त चिखल झाकण्याची अट काढून आणि उघडा चिखल किती याचा फोटो जोडून. उधाण आणि भांग यांतला फरक हंगामभर मिळाला तर तळ्यावर किती पक्षी नाइलाजाने येतात त्याचा काहीतरी अंदाज लागेल.

पुढची चाचणी येत्या अमावास्येच्या उधाणाला. यावेळी तळं माहीत नसलेला आणि रोहित फारसे न मोजलेला माणूस हवा आहे. ठाणे शहराकडून कोणी येणार असेल तर कळवा, मसुदा पाठवते. आधी मला काही विचारू नका, वाचताना पडलेले प्रश्न कागदावर लिहून आणा.