दया नाकारल्यानंतरचे 22 महिने

29 जुलै 2019 ला मुंबई उच्च न्यायालयाने पुण्यातल्या बीपीओ कर्मचारी बलात्कार-खून खटल्यातल्या दोघांची फाशी रद्द केली. जन्मठेप दिली, पण 35 वर्षांच्या आत सुटका नाही. निकालाची प्रत हाती आली तेव्हा पणजीत आल्तिनोवरच्या कोर्टाबाहेर आम्ही काही वकील होतो. गोवा याच उच्च न्यायालयाखाली येतं, त्यामुळे हा निकाल आमच्यावरही बंधनकारक. शेजारी उभी असलेली ज्युनियर म्हणाली, "सर, एवढा निर्घृण गुन्हा, तरी फाशी टळली?" मी तिला वहीत तारखा लिहायला लावल्या.

मे 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळलं. जुलैत दयेचा अर्ज गेला. राज्यपालांनी तो 29 मार्च 2016 ला नाकारला आणि राष्ट्रपतींनी 26 मे 2017 ला. आपण सगळे दिरंगाई शोधायला इथवरच जातो. पण फाशीचं वॉरंट निघालं 10 एप्रिल 2019 ला, तारीख ठरली 24 जून. म्हणजे दया नाकारून झाल्यावर 22 महिन्यांहून जास्त काळ गेला. कैदी रोज मरणाची वाट बघतोय आणि तुरुंगाने वॉरंटसाठी पाठवलेली पत्रं सत्र न्यायालयात पडून आहेत. हा विलंब कैद्याने ओढवलेला नव्हता आणि सरकारला त्याचं समाधानकारक कारण देता आलं नाही. म्हणून घटनेच्या 21 व्या कलमाखाली शिक्षा बदलली.

गुन्ह्याच्या क्रौर्याचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाच्या शत्रुघ्न चौहान निकालाने 2014 मध्येच बाजूला ठेवला होता. त्या दिवशी 15 जणांची फाशी रद्द झाली. पण अमुक वर्षं झाली की फाशीतून सुटका, असा आकडा कोणी ठरवलेला नाही. 1983 मध्ये एका खंडपीठाने दोन वर्षांची मर्यादा सांगितली होती, तीही पुढे टिकली नाही. उशीर किती, यापेक्षा तो कोणाच्या टेबलावर झाला आणि का, हे कोर्ट बघतं. कैद्याने स्वतः पुन्हापुन्हा केलेल्या अर्जांचा काळ यात धरत नाहीत.

त्यामुळे वकिलाने तारखांचा तक्ता करताना पत्रावरच्या तारखेवर थांबू नये. आवकचा शिक्का कधीचा, फाईल पुढे कधी गेली, हे दोन्ही लिहावं. पत्र सोमवारी लिहिलेलं आणि पोचलेलं दोन महिन्यांनी, असंही निघतं, आणि खरी भोकं तिथेच असतात. दयेच्या अर्जासाठी लागणारे कागद आठवड्याच्या आत द्यायचं बंधन तुरुंगावर आहे. गोव्यातल्या कोलवाळ तुरुंगातल्या कैद्यासाठीही ते लेखी मागावेत, तोंडी नको.

9 डिसेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या खटल्यातला हा निकाल कायम केला. दयेचे अर्ज लवकर निकाली निघावेत म्हणून राज्यांना खास कक्ष नेमायला सांगितलं, आणि वॉरंट कैद्याच्या हाती पडल्यापासून फाशीपर्यंत 15 मोकळे दिवस सक्तीचे केले.