दीड इंचाचं कारण

परवा दुपारी रद्दी बांधायला बसले आणि चिरंजिवांची सहावीची शाळेची डायरी हाताला लागली. रद्दी बांधताना काही वाचायचं नसतं, हे माहीत असूनही वाचत बसले. डायरीच्या शेवटी तो तक्ता होता. दिनांक, कारण, पालकांची सही, वर्गशिक्षकांची सही. यात सहीसाठी ऐसपैस जागा आणि कारणाला मात्र जेमतेम दीड इंच. ज्याने कोणी हा तक्ता आखला असेल, त्याच्या हिशेबात मुलं दोनच कारणांनी घरी राहत असणार, ताप आणि लग्न. दोन्ही दीड इंचात आरामात मावतात.

तक्त्यातल्या एका ओळीत २९ आणि ३० जुलै २०२४ या तारखा होत्या आणि कारणापुढे माझ्या अक्षरात ‘पत्र जोडले आहे’. जोडलेलं पत्र अर्थातच गळून गेलं होतं. टाचणीची दोन भोकं तेवढी राहिली होती. पत्राचा शब्द न् शब्द मात्र मला पाठ आहे, कारण ते मी चार वेळा लिहिलं होतं.

झालं होतं असं की भावोजींची लेहची पोस्टिंग संपत आली होती आणि ते तिथे आहेत तोवर या, या आग्रहाला आम्ही शेवटच्या क्षणी बळी पडलो. जुलैचा शेवटचा आठवडा. शाळेत रीतसर अर्ज देऊन पाच दिवसांची रजा घेतली. अर्जात ‘कौटुंबिक कारणास्तव’ लिहिलं. रविवारी परत, सोमवारी शाळा. रविवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला आम्ही लेहच्या विमानतळावर बॅगा घेऊन उभे, आकाश असं निळं की डोळे दिपावेत, ढगाचा ठिपका नाही, आणि फोनवर निरोप आला की हवामानाच्या कारणास्तव आपलं उड्डाण रद्द करण्यात आलं आहे.

मी वर पाहिलं. मग खिडकीवरच्या मुलीकडे पाहिलं. ती म्हणाली, “ऊन आहे ना मॅडम, म्हणून.”

तीस वर्षं मी महाराष्ट्रात उन्हाळा काढतेय, उन्हामुळे कोणाची एसटी रद्द झाल्याचं ऐकलं नव्हतं. आणि लेहला ऊन? आम्ही तर थर्मल घेऊन गेलो होतो! पण त्या आठवड्यात तिथे खरंच पारा पस्तिशीच्या आसपास जात होता आणि दिवस चढला की विमानं रद्द होत होती. भावोजी आम्हाला परत न्यायला आले, जीपमध्ये बसवलं आणि चिरंजिवांना विचारलं, “तुझ्या वेफर्सच्या पुडीला काय झालं होतं रे इथे आल्यावर?”

पुण्याहून नेलेली पुडी लेहला पोचेपर्यंत फुग्यासारखी टम्म फुगली होती. दोन दिवस त्याने ती फोडली नव्हती, नुसती सगळ्यांना दाखवत हिंडला होता.

“बाहेरची हवा विरळ, म्हणून आतली जोर करते,” भावोजी म्हणाले. “आता विमानाचं बघ. त्याला हवेवरच रेलून वर जायचं असतं. इथे हवा आधीच पुण्यामुंबईपेक्षा विरळ. त्यात ती तापली की आणखी पसरते, आणखी विरळ होते.”

लेहचा विमानतळ साधारण ३,२५० मीटरवर आहे. तिथली हवा थंड दिवशीही समुद्रकाठच्या मानाने जवळपास दोन तृतीयांशच दाट. पस्तीस अंशांना तीच धावपट्टी विमानाच्या दृष्टीने साडेचार हजार मीटरच्याही वर जाऊन बसते. पंखांना तेवढीच उचल मिळवायला जास्त वेग लागतो, त्या वेगासाठी जास्त धावपट्टी लागते, आणि त्याच वेळी इंजिनाचाही जोर कमी पडलेला असतो, कारण त्यालाही तीच पातळ हवा मिळते. धावपट्टी काही लांब होत नाही. चहूबाजूंनी डोंगर. एक इंजिन बंद पडलं तरी दुसऱ्यावर त्या डोंगरांच्या वर चढता आलं पाहिजे, हा हिशेब जमला तरच उडायचं. थोडंफार गरम असेल तर माणसं आणि सामान कमी करून हिशेब जमवतात. एका मर्यादेपुढे तोही जमत नाही. म्हणूनच लेहची विमानं एरवीही सकाळीच उरकतात. दुपारी ऊनही असतं आणि वाराही सुटतो. आमचं विमान त्या सकाळच्या शेपटाला होतं, तेवढ्यात आम्ही अडकलो.

सोमवारच्या पहाटेच्या विमानांत जागा नव्हती. मंगळवारच्या मिळाल्या. दिल्लीत दिवसभर बसून रात्री अकरा वाजता घरी, आणि बॅगा दारातच टाकून मी डायरी उघडली.

पहिल्या मसुद्यात लिहिलं, ‘परतीचे विमान रद्द झाल्यामुळे’. वाचून पाहिलं आणि कानाला कसंसंच झालं. त्याच्या वर्गशिक्षिका बाई रोज दोन बस बदलून शाळेत येतात. त्यांच्या टेबलावर डायऱ्यांचा ढीग, एकीत ‘घरी पाणी आले नाही’, दुसरीत ‘आईला बरे नाही’, आणि तिसरीत आमचं विमान. विमान या शब्दात काही चूक नाही, पण दीड इंचाच्या रकान्यात तो फारच पंख पसरतो.

दुसऱ्या मसुद्यात विमान खोडून ‘प्रवास लांबल्यामुळे’ केलं. हे सभ्य होतं, पण फसवं. सोमवार-मंगळवार जोडून घेतले, असाच अर्थ कोणीही काढील. मीच काढला असता.

हे लिहिताना आईची आठवण झाली. आईचं एकच कारण असायचं, ‘घरगुती अडचणीमुळे’. मला ताप आला तरी तेच, मावशीच्या डोहाळजेवणाला गेलो तरी तेच, आणि पावसात गणवेशच वाळला नाही तरी तेच. घरगुती अडचण म्हटली की पुढे विचारायची कोणाची छाती होत नाही. वडिलांना हे अजिबात पटायचं नाही. ते तलाठी होते. कारण म्हणजे त्यांच्या लेखी पंचनामा.

आम्ही कोल्हापूरला, आजोळ घाटाखाली वैभववाडीकडे. एका वर्षी गौरी-गणपती करून निघालो आणि करूळच्या घाटात दरड कोसळली. एसटी मागे फिरवून फोंड्यावरून काढली. वाटेत कितीतरी वेळ उभी. मधल्या सीटवर एका आजीबाईंच्या मांडीवर नारळांची गोणी होती आणि त्यातला एकेक नारळ प्रत्येक वळणावर माझ्या पायावर येत होता. घरी पोचलो तेव्हा उजाडायला आलं होतं. शाळा बुडाली. दुसऱ्या दिवशी वडिलांनी फुलस्केप घेतला. मा. वर्गशिक्षिका यांस, सा. न. वि. वि., उपरोक्त विषयास अनुसरून. दरड कोणत्या वळणावर पडली, गाडी कुठून वळविण्यात आली, किती वाजता कुठे. खाली सही, तारीख. शिक्का तेवढा राहिला होता.

मला ते पत्र द्यायची लाज वाटली होती. सगळ्यांच्या चिठ्ठ्या एवढ्याशा आणि माझा हा फुलस्केप. आमच्या बाईंनी तो उभ्याउभ्याच पूर्ण वाचला. मग मला जवळ बोलावून हळूच विचारलं, “फोंड्याचा रस्ता चालू होता ना गं नक्की? आमच्याकडची माणसं अजून पोचली नाहीत.”

मी हो म्हटलं. त्या परत पत्र वाचायला लागल्या.

तिसरा मसुदा म्हणून मग वडिलांसारखाच लिहायला घेतला. तापमान, उंची, पातळ हवा, सगळं. अर्धं पान झाल्यावर लक्षात आलं, हे सगळं खरं आहे आणि वाचायला निखालस थाप वाटतं. करूळचा घाट बाईंच्या पायाखालचा होता, दरड म्हटलं की पुरे. लडाखात उन्हाने विमानं अडतात, हे सांगायला मात्र भौतिकशास्त्र लागत होतं आणि जे कारण पटवायला भौतिकशास्त्र लागतं, त्याच्यावर बाईंनी का विश्वास ठेवावा? त्यापेक्षा ‘ताप आला होता’ लिहिलं असतं तर चाललं असतं. म्हटलं तर खोटंही नाही. आला होताच ताप, फक्त हवेला.

चिरंजीव एवढा वेळ जागेच होते. म्हणाले, “आई, मी वेफर्सची रिकामी पुडी जोडू का पुरावा म्हणून?” फोडलेल्या पुडीने काय सिद्ध होणार, हा प्रश्न त्याला पडला नाही.

शेवटी लिहिलं ते असं:

‘मा. वर्गशिक्षिका बाई यांस, सा. न. वि. वि. चिरंजीव दि. २९ व ३० जुलै रोजी शाळेत येऊ शकला नाही. लेहहून रविवारी निघणारे आमचे विमान तेथील उष्णतेमुळे रद्द झाले व पुढील जागा मंगळवारची मिळाली. रद्द झाल्याचा निरोप छापून सोबत जोडला आहे. बुडालेला अभ्यास शनिवारपर्यंत पूर्ण करून घेते. कळावे.’

विमान आलंच शेवटी. नाइलाज. पण ते रद्द झालेलं विमान होतं, म्हणजे त्यात फारसा तोरा उरला नव्हता.

बुधवारी संध्याकाळी त्याला विचारलं, बाई काय म्हणाल्या? म्हणे, काही नाही, सही केली. वाचलं तरी का त्यांनी? माहीत नाही. माझी चार मसुद्यांची रात्र, आणि माहीत नाही.

आता डायरी पुन्हा नीट पाहिली. सहीच्या खाली लाल पेनाने बारीक अक्षरात लिहिलेलं तेव्हा माझ्या नजरेतून सुटलं होतं. ‘अपूर्णांकांचा स्वाध्याय राहिला आहे.’ आणि त्याच्याही खाली, आणखी बारीक, ‘तिथे पंखे असतात का?’

नव्हते. भावोजींच्या शेजारच्या घरातल्या आजी आम्हाला निरोप द्यायला दारात आल्या होत्या, तेव्हा सून आदल्याच दिवशी बाजारातून टेबलफॅन घेऊन आली होती. आजी त्याच्याकडे बघत होत्या, घरात आलेल्या परक्या पाहुण्याकडे बघावं तशा. चालू केला की त्या जरा मागे सरकायच्या.

बाईंना हे कळवायचं राहून गेलं. डायरी रद्दीतून बाजूला काढून ठेवली आहे.