व्हॉट्सॲपवर ब्लॉक काढला, पण मधल्या काळातले मेसेज आलेच नाहीत: माझा अनुभव

आमच्या बाथरूमच्या फरशीचं आणि वॉटरप्रूफिंगचं काम एका ठेकेदाराला दिलं होतं. काम अर्ध्यावर असताना तो रात्री-अपरात्री जादा ॲडव्हान्ससाठी व्हॉट्सॲप कॉल करायला लागला, म्हणून मी त्याला ब्लॉक केलं. पुढे हिशोब मिटवायची वेळ आली तेव्हा ब्लॉक काढला. सेटिंग्ज, प्रायव्हसी, ब्लॉक्ड कॉन्टॅक्ट्स, त्याच्या नावावर टॅप, झालं.

जुनं चॅट जसंच्या तसं होतं. मुळात ते गेलंच नव्हतं. ब्लॉक केल्यावर आधीचे मेसेज, फोटो, व्हॉइस नोट सगळं दोघांच्याही फोनमध्ये राहतं. दर ठरवतानाचं बोलणं, टाइल्सचे फोटो, मी पाठवलेला ॲडव्हान्सचा स्क्रीनशॉट, सगळं मिळालं.

अडलं ते पुढे. ठेकेदार म्हणाला, "साहेब, केमिकलचं बिल आणि पाइपचे फोटो मी तेव्हाच टाकलेत, बघा ना." माझ्याकडे त्यातलं काहीच नाही. त्याने फोन पुढे केला. खरंच, बिलाचा फोटो होता, खाली तारीख होती आणि शेजारी एकच करडी टिक. "आता ब्लॉक काढलाय ना, येतील," तो म्हणाला. घरातलेही तेच म्हणाले. मी नेट बंद-चालू केलं, फोन रीस्टार्ट केला, वाट पाहिली. काही नाही.

हे "येतील" लोकांच्या डोक्यात का बसलंय तेही सांगतो. आपला फोन बंद असला की समोरच्याला एकच टिक दिसते, फोन चालू झाला की मेसेज धडाधड येतात, कारण न पोचलेला मेसेज व्हॉट्सॲपच्या सर्व्हरवर 30 दिवसांपर्यंत थांबवून ठेवतात. ब्लॉकमध्येही एकच टिक दिसते, म्हणून वाटतं तोही असाच रांगेत असेल. तसं नसतं. ब्लॉक असताना पाठवलेला मेसेज किंवा केलेला कॉल, ब्लॉक काढल्यावरही पोचवला जात नाही. त्याच्या फोनवर मेसेज दाबून धरून इन्फो उघडलं तर 'डिलिव्हर्ड'समोर वेळच नव्हती, आणि पुढेही ती आली नाही.

यावर मोबाइल दुकानातला मुलगा ठामपणे म्हणाला, "ॲप काढून परत टाकू, बॅकअपमधून सगळं येईल," आणि त्याचे पैसेही सांगितले. मला याचा अजून राग आहे. बॅकअप माझ्या फोनमधल्या चॅटचा असतो. जो मेसेज माझ्या फोनवर उतरलाच नाही, तो माझ्या बॅकअपमध्ये कुठून येणार? वर तोटा वेगळाच. रोजचा बॅकअप साधारण पहाटे 2 वाजता होतो. तो परत चढवला की त्यानंतरचे दिवसभरातले सगळ्यांचे मेसेज उडतात. मी फोन उचलून सरळ घरी आलो.

उपाय साधा होता. ते मेसेज ठेकेदाराच्या फोनमध्ये होतेच. त्याला म्हटलं, दाबून धरा, सगळे निवडा आणि मलाच फॉरवर्ड करा. लगेच दोन टिक आल्या. फक्त एक गोष्ट: फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर आजची तारीख पडते. बिल कधी पाठवलं यावर वाद असेल, तर मूळ मेसेजचा तारखेसकट स्क्रीनशॉट त्याच्याकडून आधी मागून घ्या. मी घेतला, आणि हिशोब त्यावरच मिटला.

अजून एक आठवलं. व्हॉट्सॲपवर ब्लॉक केलं तरी साधा फोन आणि एसएमएस चालू राहतात. दोघं एकाच ग्रुपमध्ये असाल तर तिथले मेसेजही एकमेकांना दिसतात. काम चालू असलेल्या माणसाला ब्लॉक करायचंच असेल, तर "बिलं एसएमएसने किंवा मेलवर पाठवा" हे आधी सांगून ठेवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे आमच्या मावशीच्या बाबतीत झालं. तिने नुसतं ब्लॉक केलं नव्हतं, 'रिपोर्ट' केलं होतं. त्या खिडकीत ब्लॉक करून चॅटही डिलीट करायचा पर्याय असतो, तो चालू राहिला आणि चॅट गेलं. तिथे मात्र ब्लॉक काढून काही परत येत नाही. नुकतंच झालं असेल आणि रात्रीचा बॅकअप अजून झाला नसेल, तरच ॲप काढून त्याच नंबरवर, त्याच गुगल खात्यातून बॅकअप चढवण्यात अर्थ आहे. नाहीतर समोरच्याच्या फोनमध्ये चॅट शाबूत असतं. त्याला 'एक्स्पोर्ट चॅट' करून फाइल मेल करायला सांगा. ती व्हॉट्सॲपमध्ये परत चॅट म्हणून दिसत नाही, पण तारीख-वेळेसकट सगळं वाचता येतं. मावशीने तेच केलं.