सहा मुलांचा एक फोटो आणि तो पुसायला लागलेले १९ दिवस

लेकाच्या सातव्या वाढदिवसाला केक कापतानाचा फोटो फार गोड आला होता. लेक आणि त्याचे पाच मित्रमैत्रिणी, सगळ्यांच्या नाकाला क्रीम. मला वाटलं, याचंच कार्टून करून मगवर छापू आणि प्रत्येकाला देऊ. एक अॅप उतरवलं, फोटो चढवला, आठवड्याचे पैसे भरून वॉटरमार्क काढला आणि चित्र पालकांच्या ग्रुपवर टाकलं.

दहा मिनिटांत एका मुलीच्या आईचा फोन आला. "ताई, चित्र सुंदर आहे हो. पण फोटो कुठल्या अॅपवर टाकलात? आम्ही तिचा चेहरा कुठेच टाकत नाही, अगदी स्टेटसलासुद्धा नाही."

खरं सांगते, आधी मला रागच आला. रात्री अॅपच्या अटी उघडल्या. तिथे स्पष्ट लिहिलं होतं, की फोटोत दिसणाऱ्या प्रत्येकाची, आणि मूल असेल तर त्याच्या पालकांची, परवानगी मी घेतलेली आहे. त्याच्यापुढे मीच टिक केली होती. म्हणजे पाच घरांच्या वतीने मी होकार देऊन टाकला होता, आणि त्यातल्या एकालाही विचारलं नव्हतं. चढवलेले फोटो 'सेवा सुधारण्यासाठी' वापरता येतील, हेही खाली होतंच.

घाबरून मी पहिलं काय केलं, तर अॅप फोनवरून काढून टाकलं. इथेच सगळं अडलं. अॅप काढल्याने फक्त आपल्या फोनवरचं अॅप जातं, त्यांच्या सर्व्हरवर फोटो तसाच राहतो. शिवाय मी लॉगिन केलंच नव्हतं. अशी अॅप्स आपल्याला एका आपोआप बनलेल्या युजर आयडीने ओळखतात. तो सेटिंग्जमध्ये अगदी तळाशी बारीक अक्षरांत असतो, आणि अॅप पुन्हा टाकलं की बहुतेक वेळा नवाच मिळतो. माझाही नवाच आला.

मेल केला. तीन दिवसांनी उत्तर: युजर आयडी कळवा. नवा कळवला. उत्तर: या आयडीवर काही फोटो नाहीत. मी लिहिलं, फोटो जुन्या आयडीवर आहे. उत्तर: जुना आयडी कळवा. अशा आठ मेल झाल्या. एकदा तर ओळख पटवायला सरकारी ओळखपत्राचा फोटो मागितला. एक फोटो पुसायचा म्हणून दुसरा, त्याहून नाजूक कागद कोण देईल? मी दिला नाही, आणि तुम्हीही देऊ नका. प्ले स्टोअरवर खातं काढण्याची वेब लिंक देणं बंधनकारक आहे, पण ज्या अॅपमध्ये खातं बनवता येतं त्यांनाच. इथे खातंच नव्हतं.

शेवटी नवरा म्हणाला, "अगं, पैसे भरले होतेस ना? पावती बघ." पावतीच्या मेलमध्ये `GPA.` ने सुरू होणारा ऑर्डर क्रमांक होता. तो पाठवला आणि त्यावरून त्यांना जुना आयडी सापडला. त्या मेलमध्ये मी मूळ फोटो आणि तयार चित्र, दोन्ही पुसण्याची वेगवेगळी मागणी केली. नाहीतर एकच पुसतात आणि काम झालं म्हणतात. १९व्या दिवशी लेखी उत्तर आलं: फोटो पुसले, बॅकअपमधून ३० दिवसांत जातील. तो फोटो त्यांचं एआय मॉडेल शिकवण्यासाठी वापरला गेला होता का, या प्रश्नाला मात्र उत्तर नाही. वापरला गेला असेल तर मॉडेलमधून तेवढाच फोटो वेगळा काढता येत नाही, म्हणून विचारायचं ते चढवण्याआधीच.

आपल्या २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येकजण मूल आहे, आणि त्याची माहिती वापरायला कंपनीने पालकांची पडताळता येणारी संमती घ्यायची आहे. नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले, पण कंपन्यांना १८ महिन्यांची मुदत आहे. आणि पालक म्हणजे त्या मुलाचे स्वतःचे पालक. वाढदिवस माझ्या घरी होता म्हणून तो हक्क माझ्याकडे येत नाही.

हो, एक राहिलं. इतरांना फोटोतून कापायचं असेल तर ते फोनच्या गॅलरीत कापा, वेगळी प्रत जतन करा आणि तीच चढवा. अॅपच्या आत कापलं, तर पूर्ण फोटो आधीच वर गेलेला असू शकतो. फोटोसोबत ठिकाणाची नोंदही जाऊ शकते. प्रतीचा स्क्रीनशॉट घेऊन तो चढवला की ही नोंद सोबत जात नाही. आणि युजर आयडीचा स्क्रीनशॉट पहिल्याच दिवशी काढून ठेवा.

चित्राचे मग शेवटी छापलेच. पालकांना एकेकाला मेसेज केला: कोणता फोटो, कोणतं अॅप, कशासाठी. तिघांनी हो म्हटलं. उरलेल्या दोघांच्या मगवर मी मुलांची नावं आणि केकचं चित्र छापून घेतलं. त्या मुलीला तिचा मग इतका आवडला, की ती त्यातच दूध मागते, असं तिच्या आईने कळवलं.