जादा सिस्टर मागताना पाळ्या मोजल्या: माझा अनुभव

सातारा जिल्ह्यातल्या एका ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात मी वैद्यकीय अधीक्षक आहे. आमचा तालुका उसाचा. दिवाळीच्या आसपास कारखाने सुरू झाले की बीड, परभणीकडचे ऊसतोड मजूर येतात, फडाशेजारी कोप्या पडतात आणि आमच्या प्रसूतिकक्षाचं काम दुप्पट होतं. त्या बायांमध्ये बऱ्याच गरोदर असतात. काहींची तपासणी गावाकडे झालेली असते, पण माता-बाल संरक्षण कार्ड तिकडेच राहिलेलं असतं. रक्तगट माहीत नाही, हिमोग्लोबिन माहीत नाही, आणि बाई कळा सुरू झाल्यावर ट्रॅक्टरमधून थेट दारात येते.

हंगामात रात्रपाळीला आमच्याकडे एकच सिस्टर असायची. वॉर्ड, प्रसूतिकक्ष आणि अपघात विभाग असं तिन्हीकडे तिनंच बघायचं. ती प्रसूतीत अडकली की वॉर्डातलं सलाईन संपलेलं कुणाला दिसायचं नाही. हे बदलायचं म्हणून मी आरोग्य विभागाकडे जादा मनुष्यबळ मागणारं पत्र लिहायला घेतलं.

आधी जुनी फाईल काढली. माझ्या आधीच्या काळात गेलेलं पत्र त्यात होतं. ‘रुग्णसंख्येत प्रचंड वाढ झाली असून कर्मचाऱ्यांवर कामाचा ताण येत आहे, तरी अतिरिक्त कर्मचारी मिळावेत’ एवढाच मजकूर. उत्तर आलं होतं, ‘उपलब्ध मनुष्यबळात कामकाज करावे.’ मला ते उत्तर चुकीचं वाटलं नाही. प्रचंड म्हणजे किती, कोणते कर्मचारी, किती दिवसांसाठी, यातलं काहीच पत्रात नसेल तर वाचणारा अधिकारी आदेश कशाचा काढणार?

मग आमचे वरिष्ठ लिपिक, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात, आणि सिस्टरच्या कामावर देखरेख करणाऱ्या आमच्या परिसेविका ताई, अशा दोघांना घेऊन बसले. पहिला कागद आस्थापनेचा. अधिपरिचारिका म्हणजे आमच्या सिस्टर. त्यांची मंजूर पदं ७, भरलेली ६, रिक्त १. वरच्या कार्यालयात आमची एवढीच माहिती दिसते, आणि सातपैकी सहा भरलेली म्हणजे परिस्थिती बरी दिसते. पण त्या सहांपैकी एक प्रतिनियुक्तीवर दुसऱ्या संस्थेत होती आणि एक प्रसूती रजेवर. प्रतिनियुक्तीवरच्या सिस्टरचा पगार आमच्याच आस्थापनेवरून निघतो, त्यामुळे कागदावर ती आमच्याकडेच असते. कामाला हजर चौघीच. म्हणून तक्त्यात ‘मंजूर, भरलेली, रिक्त’ या नेहमीच्या रकान्यांपुढे ‘प्रत्यक्ष कार्यरत’ असा चौथा रकाना घातला आणि फरक का पडतो ते आदेशाच्या क्रमांकासह शेऱ्यात लिहिलं.

दुसरा कागद रुग्णांचा, आणि इथे बरंच खोदावं लागलं. ओपीडीचा आकडा मोठा दिसतो, पण त्यावरून रात्रीच्या सिस्टर ठरत नाहीत. त्यासाठी रुग्णदिवस लागतात. रोज रात्री बाराला वॉर्डात किती रुग्ण आहेत ते मोजतात, त्याची महिनाभराची बेरीज म्हणजे रुग्णदिवस. ३० खाटा गुणिले डिसेंबरचे ३१ दिवस म्हणजे ९३० खाटदिवस. आमच्या रजिस्टरात रुग्णदिवस निघाले ९०५, म्हणजे खाटा ९७ टक्के भरलेल्या. जमिनीवर गाद्या टाकून रुग्ण ठेवलेल्या महिन्यात ९७ टक्के कसे?

ताईंनी लगेच सांगितलं, “मॅडम, रजिस्टरात खाट नंबर एक ते तीसच छापलेत. खालच्या गादीवरचा पेशंट लिहायचा कुठं?” तेच होतं. एकतिसाव्या रुग्णाला रकानाच नव्हता. आम्ही डिसेंबरचे सगळे केसपेपर काढून दाखल तारीख आणि घरी सोडल्याची तारीख यांवरून मोजणी पुन्हा केली. बेरीज आली १,१४७. म्हणजे १२३ टक्के. नवजात बाळं यात धरलेली नाहीत, कारण ती आईच्याच खाटेवर असतात. पण त्यांचं तापमान, अंगावर पिणं, लस हे सगळं सिस्टरच बघते, म्हणून प्रसूतींचा आकडा वेगळा दिला. जूनमध्ये ३४, डिसेंबरमध्ये ७१.

हा ७१ चा आकडा भाऊसाहेबांनी आरोग्य विभागाच्या प्रणालीत दरमहा भरल्या जाणाऱ्या एचएमआयएस अहवालाशी ताडून पाहिला. तिथे ६८ होते. तीन बायका कोपीत किंवा वाटेत बाळंत होऊन आल्या होत्या. त्यांची नोंद रुग्णालयातल्या प्रसूतीत होत नाही, पण त्यांना आणि बाळांना दाखल आम्हीच केलं होतं. पत्रात ६८ अधिक ३ असं फोड करून लिहिलं. असे फरक पत्र पाठवण्याआधी शोधावेच लागतात, कारण वरच्या कार्यालयात सगळ्यात आधी हीच तुलना होते आणि एक आकडा जुळला नाही की सगळ्या पत्रावर शंका घेतली जाते.

पण पत्राचा कणा ठरला तो तिसरा कागद, पाळ्यांचा. एका जागी चोवीस तास एक सिस्टर ठेवायची तर दिवसाला तीन पाळ्या, आठवड्याला २१. एक सिस्टर आठवड्याला सहा पाळ्या करते. म्हणजे एका जागेसाठी साडेतीन सिस्टर लागतात, त्याही कुणी रजेवर गेलं नाही तर. आमच्याकडे जागा तीन, म्हणून ६३ पाळ्या. हजर चौघींच्या पाळ्या २४. तीन ठिकाणांपैकी एकच जागा चोवीस तास भरता येते आणि वर तीन पाळ्या उरतात. सातही पदं भरली तरी ४२ पाळ्या, म्हणजे दोनच जागा. हे गणित ‘तक्ता क’ मध्ये मांडलं आणि सोबत डिसेंबरच्या ड्यूटी रजिस्टरची साक्षांकित प्रत जोडली. ‘कामाचा ताण’ हा शब्द पत्रात कुठेही वापरला नाही.

मागायचं काय, यावर आमची बरीच चर्चा झाली. ३० चं रुग्णालय ५० खाटांचं करा, नवी पदं द्या, रिक्त पद भरा, प्रतिनियुक्ती रद्द करा, हंगामापुरत्या सिस्टर द्या, असं सगळंच हवं होतं. पण प्रत्येक मागणीचा अधिकार वेगळ्या टेबलावर आहे. श्रेणीवर्धन आणि नवीन पदनिर्मिती मंत्रालयात जाते, वित्त विभागाची मान्यता लागते, त्याला वर्षं लागतात. रिक्त पद भरतीवर किंवा बदल्यांवर अवलंबून. प्रतिनियुक्ती मात्र एका आदेशाने होते आणि एका आदेशाने संपते. सगळं एकाच पत्रात घातलं तर फाईल सर्वात हळू चालणाऱ्या मागणीच्या मागे जाते. म्हणून श्रेणीवर्धनाचा प्रस्ताव पूर्ण वेगळा केला आणि या पत्रात तीनच मागण्या ठेवल्या.

पत्र पुण्याच्या मंडळाच्या उपसंचालकांच्या नावे, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या मार्फत. मुख्य मजकूर असा होता:

‘विषय : ऊस गळीत हंगामातील वाढीव रुग्णभारासाठी अधिपरिचारिका उपलब्ध करून मिळणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, या रुग्णालयात वॉर्ड, प्रसूतिकक्ष व अपघात विभाग चोवीस तास सुरू ठेवण्यासाठी आठवड्यास ६३ पाळ्यांची आवश्यकता असून प्रत्यक्ष कार्यरत ४ अधिपरिचारिकांकडून २४ पाळ्या उपलब्ध होतात (तक्ता क). त्यामुळे रात्रपाळीत तिन्ही ठिकाणी मिळून एकच अधिपरिचारिका असते. सबब, १) प्रतिनियुक्तीवरील अधिपरिचारिकेस मूळ आस्थापनेवर परत पाठवावे, २) रिक्त १ पद उपलब्ध मार्गाने भरावे, ३) नोव्हेंबर ते मार्च या कालावधीसाठी ३ अधिपरिचारिका प्रतिनियुक्तीने द्याव्यात, ही विनंती. सकाळपाळीत अपघात विभागाचे कामकाज परिसेविका पाहतील, असे नियोजन या स्तरावर करण्यात आले आहे.’

शेवटचं वाक्य ताईंनी सुचवलं. तिन्ही मागण्या मान्य झाल्या तरी नऊ सिस्टर, ५४ पाळ्या. नऊ पाळ्या उरतातच. त्यातल्या सहा त्या स्वतः सकाळी करणार होत्या. आपण आपल्या हातातलं काय केलं हे पत्रात दिसलं की ‘स्थानिक स्तरावर नियोजन करावे’ असं उत्तर यायला जागा राहत नाही.

अवघड मागणी तिसरी. जादा माणसं मागतो तेव्हा ती कुठून तरी काढूनच द्यावी लागतात, आणि ज्या रुग्णालयातून सिस्टर निघते तिथला अधीक्षकही आपल्यासारखाच अडचणीत असतो. म्हणून कुणाचं नाव सुचवलं नाही. फक्त एवढं लिहिलं की हंगामात ज्या तालुक्यांत कारखाना नाही, तिथल्या संस्थांचे नोव्हेंबर ते मार्चचे रुग्णदिवस पाहून निर्णय व्हावा. पाच महिन्यांनंतर त्या परत जातील हेही स्पष्ट लिहिलं, कारण प्रतिनियुक्ती संपत नाही ही भीती सोडणाऱ्या संस्थेला असते. ती खरीही असते. आमचीच सिस्टर किती काळ बाहेर होती!

भाऊसाहेबांनी पत्र ई-ऑफिसवर चढवलं, जावक क्रमांकाची पोच घेतली आणि दर आढावा बैठकीला तक्ता क ची एक छापील प्रत माझ्या फाईलमध्ये ठेवली. एका बैठकीत जिल्हा शल्यचिकित्सकांनी विचारलं, “पद भरलेलं असताना पाळी रिकामी कशी?” मी तो तक्ता पुढे केला. चौथा रकाना बघून त्यांनी तिथेच आस्थापनेच्या लिपिकाला प्रतिनियुक्ती रद्द करण्याचा आदेश काढायला सांगितलं.

आमची सिस्टर परत आली. हंगामी तिघींपैकी दोघी मिळाल्या. रिक्त पद अजून रिक्तच आहे. म्हणजे हजर सात, पाळ्या ४२, आणि सकाळच्या सहा ताईंच्या. आता रात्री दोघी असतात: एक प्रसूतिकक्षात, ती जागा सोडत नाही, दुसरी वॉर्ड आणि अपघात विभाग सांभाळते. महामार्गावरून अपघातातल्या दोघा-तिघा जखमींना १०८ एकदम घेऊन येते तेव्हा वॉर्ड अजूनही उघडा पडतो, आणि हंगामातल्या तिसऱ्या सिस्टरसाठी मी स्मरणपत्र पाठवलेलं आहे.

ताईंनी वॉर्ड रजिस्टरात ‘जादा खाट १’ ते ‘जादा खाट १२’ असे रकाने हाताने आखून घेतले. त्यामुळे यंदा केसपेपर उपसावे लागले नाहीत, रोजची मोजणी तयारच होती. पुढच्या हंगामाचं पत्र ऑगस्टमध्येच गेलं, म्हणजे आदेश कोयते, म्हणजे ऊसतोड मजूर, यायच्या आधी निघावेत. श्रेणीवर्धनाचा प्रस्ताव जागेचा सातबारा आणि बांधकाम विभागाचा नकाशा हवा म्हणून त्रुटी लावून परत आला आहे. नकाशा मिळालाय, सातबाऱ्यावर रुग्णालयाचं नाव लावायचं काम तलाठी कार्यालयात सुरू आहे.