चौसष्ट चौकोनांत मी

फोंडा, रविवार

पाऊस उघडायचं नाव घेत नाही, म्हणून भाच्याची जुनी मागणी आज मार्गी लावली. माइनक्राफ्ट या खेळातल्या त्याच्या जगात मी अजून स्टीव्ह या खेळाच्या ठरलेल्या पात्राच्या रूपातच फिरते, तोच निळा शर्ट आणि तीच दाढीसारखी छटा. त्याच्या सगळ्या मित्रांच्या स्वतःच्या स्किन आहेत. "मावशी, तुझी साडीतली कर ना," हे त्याचं पालुपद. तेव्हा तांबड्या चौकड्यांची कुणबी साडी नेसले, खिडकीपाशी उभी राहिले आणि एक सेल्फी काढला.

स्किन म्हणजे पात्राच्या अंगावर चढणारं ६४ बाय ६४ ठिपक्यांचं एक PNG चित्र. शरीराचा प्रत्येक ठोकळा उलगडून त्यात सपाट पसरलेला असतो. डोक्याच्या सहा बाजू वर डावीकडे, त्याच्या खाली उजवा पाय, धड आणि उजवा हात, आणि डावे हातपाय तळाशी. चेहऱ्याच्या वाट्याला यातले ८ बाय ८ ठिपके येतात, बस्स. एवढ्यात सेल्फी कसा मावणार?

मावत नाही. चेहरा चौकोनी कापून GIMP या चित्रं संपादायच्या प्रोग्रॅममध्ये थेट ८ ठिपक्यांवर आणला, तर प्रत्येक ठिपका आजूबाजूच्या रंगांची सरासरी होतो. माझे डोळे दोन मळकट डाग झाले आणि ओठ हनुवटीत विरघळले. सरासरी न काढता जवळचा ठिपका उचलायला सांगितलं तर आणखी मजा होते. टिकली नशिबावर येते किंवा जाते, आणि कपाळावर चमकलेला उजेड पांढरा ठिपका होऊन बसतो. म्हणून लहान केलेलं चित्र फक्त रंग उचलायला वापरायचं. मी त्वचेच्या तीनच छटा घेतल्या: कपाळाची, गालाची आणि हनुवटीखालच्या सावलीची. डोळे हाताने काढले, वरून पाचव्या ओळीत, प्रत्येकाला दोन ठिपके: बाहेरचा पांढरा, आतला गडद. स्टीव्हचे डोळेही तिथेच आहेत. लांबून चेहरा ओळखू यावा म्हणून हे प्रमाण मोडू नये असं माझं मत.

टिकलीने मात्र बराच वेळ खाल्ला. आठ हा सम आकडा, त्यामुळे चेहऱ्याला मधला उभा रकानाच नाही. एक ठिपका लावला की टिकली चौथ्या किंवा पाचव्या रकान्यात जाते आणि वाकडी दिसते. दोन लावले तर कपाळावर आडवी पट्टी. शेवटी दोन्ही ठिपके ठेवले, पण पूर्ण कुंकवाच्या रंगाचे नाहीत. तो रंग आणि त्वचा यांच्या अधला रंग घेतला. जवळून पाहिलं तर फिकट वाटतो, पण चार पावलांवरून डोळा त्या दोघांची एकच छोटी टिकली करतो. नाकाचंही तसंच: दोन ठिपके, गालापेक्षा जेमतेम गडद.

केसांसाठी डोक्यावर दुसरा थर असतो, टोपीचा. तो चित्रात डोक्याच्या उजवीकडे बरोबर ३२ ठिपके सरकवून ठेवलेला आहे आणि खेळात डोक्यापासून अर्धा ठिपका बाहेर दिसतो. अंबाडा त्या थराच्या मागच्या बाजूला काढला आणि खाली आबोलीचा वळेसर: नारिंगीच्या दोन छटा आलटून पालटून. एकच छटा भरली तर फुलं न दिसता रिबीन दिसते. अंबाडा फुगीर मात्र होत नाही, स्किनने ठोकळ्याचा आकार बदलत नाही.

आता साडी. खरी गंमत इथेच आहे.

चौकडीची रेघ किती ठिपक्यांवर घ्यायची, हे आधी ठरवावं लागतं. धड पुढून ८ रुंद, बाजूंनी ४, मागे ८. म्हणजे भोवतीचा घेर २४. तीन ठिपक्यांवर रेघ घेतली तर धडावर बसते, कारण २४ ला ३ ने भाग जातो. पण पायाचा घेर १६, तिथे एका कडेला चौकडी तुटते. चारावर घेतली की दोन्हीकडे जुळते. उंचीही १२, तिलाही चाराने भाग जातो, म्हणून कमरेवर धडाची रेघ पायाच्या रेघेला न चुकता मिळते. आणखी सोय अशी की चित्रात धडाच्या आणि पायांच्या सगळ्या बाजू चाराच्या पटीवरच सुरू होतात. GIMP च्या खालच्या पट्टीत दिसणारा आडवा किंवा उभा आकडा चाराने भागला जातो तिथे पांढरी रेघ, बाकी तांबडं. वेगळं मोजायला नको. ब्रश न घेता पेन्सिल घ्यायची, कारण ब्रशच्या कडा पुसट होतात आणि तांबड्या-पांढऱ्यात गुलाबी चिखल होतो.

पदर डाव्या खांद्यावर. इथे दोन जागी फसायला होतं. पहिली म्हणजे सेल्फी. माझा फोन फोटो आरशासारखा उलटाच साठवतो. खिडकीबाहेरच्या दुकानाच्या पाटीवरची अक्षरं उलटी दिसली तेव्हा फोटोची डावी-उजवी बाजू पलटवून घेतली. दुसरी, चित्रातलं डावं-उजवं त्या पात्राचं असतं, आपलं नव्हे. धडाची पट्टी उजवी बाजू, पुढची, डावी, मागची अशा क्रमाने जाते. तेव्हा डावा खांदा पुढच्या चौकोनाच्या उजव्या कडेला येतो आणि मागच्या चौकोनाच्या डाव्या कडेला. डावी बाजू दोघांच्या मध्ये धरली की गोंधळ होत नाही. टोपीसारखाच धडावरही दुसरा थर असतो, जॅकेटचा. पदर मी त्यावर काढला, म्हणजे खाली चोळी राहते आणि पदर तिच्यावरून तिरका जातो. खांद्याचा वरचा छोटा चौकोनही रंगवावा लागतो, नाहीतर वरून पाहणाऱ्याला पदर खांद्यापाशी कापलेला दिसतो.

जॅकेटच्या थरातली मोकळी जागा पारदर्शक राहिली तरी चालते. खालच्या मूळ थरात मात्र खोडरबर चालवायचं नाही. तिथली पारदर्शकता खेळ मानत नाही, आणि पुष्कळदा त्या जागी काळा डाग दिसतो.

अपलोड करताना हातांचा प्रकार विचारतात, चार ठिपके रुंद की तीन. मी तीनचा Slim घेतला, कारण हात बहुतेक उघडे, चौकडीचा प्रश्न नव्हता. ज्याच्यासाठी काढलं तोच प्रकार निवडायचा, नाहीतर बाह्यांचे रंग एका रकान्याने सरकतात.

भाच्याने लगेच मला त्याच्या गावात चालवलं. उभी असेपर्यंत साडी, चालायला लागले की पँट! पाय हे दोन वेगळे ठोकळे, पुढेमागे झुलणारच. झुलताना दोन्ही पायांच्या आतल्या बाजू उघड्या पडतात आणि मी तिथेही तांबडं-पांढरं भरलं होतं, म्हणून फट आणखी ठळक दिसत होती. आतल्या बाजूंच्या रेघा काढून सगळं गडद मरून केलं. आता तिथे निऱ्यांची सावली असल्यासारखं वाटतं. फट जात नाही, पण नजर तिथे अडकत नाही. तळव्यांना चपलेचा तपकिरी रंग दिला, कारण पोहताना पाय मागून दिसतात आणि तांबडे तळवे विचित्र वाटले असते.

"आता आजीची कर," तो म्हणाला. आजी नऊवारी नेसते. तिचा काष्टा पायांच्या मधून जातो, म्हणजे तिथे दोन वेगळे ठोकळे उलट कामाचेच. तिचा फोटो पाऊस थांबल्यावर अंगणात काढायचा, सावलीत, फ्लॅश न मारता.