मोडी वर्गासाठी ऑनलाइन बैठकीची सशुल्क योजना घेताना आलेला अनुभव

मी आणि माझे एक सहकारी मिळून दर रविवारी सायंकाळी सात ते साडेआठ या वेळेत मोडी लिपीचा ऑनलाइन वर्ग घेतो. वर्गात साधारण पस्तीस विद्यार्थी असतात. बहुतेक पुणे, सातारा आणि नाशिककडचे आहेत आणि काहीजण परदेशात राहणारे आहेत. मोडी शिकवताना पडद्यावर जुने दफ्तर दाखवावे लागते आणि हात न उचलता अक्षर कसे वळते हे लिहूनही दाखवावे लागते, त्यामुळे वर्ग चुकलेल्याला नुसता आवाज ऐकून काही उपयोग नसतो. बैठक दीड तास अखंड चालणे आणि तिचे चित्रासह रेकॉर्डिंग मिळणे या आमच्या दोन मूळ गरजा होत्या. मोफत खात्यावरून सशुल्क योजनेवर जाताना मी नेमके काय पाहिले आणि कुठे चुकले, ते अशाच प्रकारचा वर्ग चालवणाऱ्यांसाठी लिहून ठेवत आहे.

सुरुवात आम्ही झूमच्या मोफत खात्यावर केली. त्यावर एका बैठकीत शंभर जणांना येता येते आणि बैठक चाळीस मिनिटांनी संपते. पूर्वी दोघांच्याच बैठकीला ही मर्यादा नव्हती, परंतु 2022 पासून तीही चाळीस मिनिटांवर आली, त्यामुळे पाठाची तयारी करताना आम्हा दोघांचे बोलणेसुद्धा मध्येच तुटू लागले. वर्गाच्या वेळी पहिली बैठक संपली की दुसरी सुरू करायची आणि सर्वांनी परत यायचे, असे आम्ही काही महिने केले. प्रत्येक वेळी सगळे परत जमेपर्यंत सात-आठ मिनिटे जात असत. जोडाक्षरांचा पाठ मध्यावर असताना हा खंड पडला की विद्यार्थ्यांच्या मनातला धागा तुटतो, आणि मला त्याचेच जास्त वाईट वाटत असे.

मोफत खात्यावर संगणकातून रेकॉर्डिंग करता येते, मात्र ते आपल्याच संगणकात साठते. त्यात बैठक संपल्यानंतर फाइल तयार होण्याची एक वेगळी पायरी असते, हे मला ठाऊक नव्हते. एका रविवारी वर्ग संपताच मी लॅपटॉप मिटला आणि दुसऱ्या दिवशी फोल्डर उघडले, तर त्यात एमपीफोर फाइलच नव्हती. तिच्या जागी `double_click_to_convert_01.zoom` अशा नावाची फाइल होती. याचा अर्थ रेकॉर्डिंग गेलेले नव्हते, तर त्याचे रूपांतर अर्धवट राहिले होते. त्या फाइलवर दोनदा क्लिक केल्यावर रूपांतर पुन्हा सुरू झाले आणि वर्ग हाती आला. अशी फाइल दिसली तर ती हलवू नये, तिचे नाव बदलू नये आणि निरुपयोगी समजून ती पुसूनही टाकू नये.

सशुल्क योजनेचा विचार सुरू झाला तेव्हा मी गूगल मीटही तपासले. तिथल्या मोफत खात्यावर तीन किंवा अधिक माणसांच्या बैठकीला साठ मिनिटांची मर्यादा आहे, शंभर जणांना येता येते आणि रेकॉर्डिंगची सोय नाही. गूगल वर्कस्पेसची सर्वांत खालची योजना, म्हणजे बिझनेस स्टार्टर, घेतली की साठ मिनिटांची अडचण दूर होते. एवढे वाचून मी तीच योजना घेण्याच्या बेतात होते. परंतु संपूर्ण तक्ता खालपर्यंत वाचल्यावर लक्षात आले की तिच्यात रेकॉर्डिंग नाहीच. ते त्याच्या वरच्या बिझनेस स्टँडर्ड योजनेपासून मिळते आणि माणसांची मर्यादाही तिथे दीडशे होते. वेळेची मर्यादा उठणे आणि रेकॉर्डिंग मिळणे या दोन गोष्टी एकाच पायरीवर मिळतील असे गृहीत धरणे चुकीचे आहे, आणि योजना घेण्यापूर्वी प्रत्येक गरज तक्त्यात वेगळी शोधली पाहिजे, हे मला तिथे पटले.

झूमच्या प्रो योजनेत आमच्या दोन्ही गरजा एकत्र भागत होत्या. बैठकीची मर्यादा चाळीस मिनिटांवरून तीस तासांवर जाते आणि क्लाउड रेकॉर्डिंग सुरू होते. त्यासाठी आम्हाला दहा जीबी जागा मिळाली. विद्यार्थ्यांना झूमची सवय झालेली होती हाही विचार होताच. वार्षिक वर्गणी महिन्याच्या हिशेबाने स्वस्त पडते, तरीही मी पहिला महिना सुटा घेतला आणि सगळे नीट चालते याची खात्री झाल्यावर वार्षिक वर्गणी भरली. दाखवलेल्या दरावर अठरा टक्के जीएसटी लागतो, तो वर्गाच्या शुल्काचा हिशेब करताना धरावा.

पैसे भरल्यानंतरच्या दुसऱ्याच रविवारी मी प्रवासात असल्यामुळे माझ्या सहकारी सरांनी वर्ग घेतला, आणि चाळीस मिनिटांनी बैठक पूर्वीसारखीच बंद झाली. योजना लागू झालेलीच नाही असे आम्हाला आधी वाटले. प्रत्यक्षात सरांनी ती बैठक स्वतःच्या मोफत खात्यावरून आखली होती. सशुल्क परवाना एका खात्याला मिळतो, वर्गाला किंवा गटाला नाही. बैठक ज्याच्या खात्यावर आखलेली असते, त्याच्या मर्यादा तिला लागू होतात. मी सशुल्क खातेदार म्हणून त्या बैठकीत नुसती हजर राहिले असते, तरी वेळ वाढली नसती. सरांना माझ्या बैठकीचे पर्यायी यजमान नेमावे असे मनात आले, परंतु त्यासाठी पर्यायी यजमानाकडेही परवाना असावा लागतो आणि दुसरा परवाना आम्हाला परवडणारा नव्हता. म्हणून आम्ही एक सोपी रीत ठरवली. सर्व बैठका माझ्याच खात्यावर आखायच्या, मी कुठेही असले तरी सात वाजता बैठक सुरू करायची, आणि सर शिकवणार असतील त्या दिवशी आत आल्यावर यजमानपद त्यांच्याकडे सोपवायचे. तेव्हापासून वर्ग मध्ये कधी तुटला नाही.

माणसांच्या संख्येचा प्रश्न नव्या सत्राच्या परिचयपर व्याख्यानाच्या वेळी आला. त्यासाठी एकशे चाळीस जणांनी नावे नोंदवली होती. सशुल्क योजनेत संख्या वाढत असणार असे बहुतेकांना वाटते, मलाही तसेच वाटत होते. पण प्रो योजनेत ती शंभरच राहते. तीनशेची मर्यादा बिझनेस योजनेत मिळते, किंवा मोठ्या बैठकीची जोडसोय वेगळे पैसे भरून घ्यावी लागते. शिवाय मर्यादा मोजताना माणसे नव्हे, तर बैठकीत आलेली उपकरणे मोजली जातात. आमच्या वर्गात दफ्तर मोठे दिसावे म्हणून लॅपटॉप आणि आवाज नीट यावा म्हणून फोन, असे दोन्ही लावून बसणारे कितीतरी विद्यार्थी आहेत, आणि त्यातला प्रत्येकजण दोन जागा घेतो. एरवी पस्तीस जणांत हे जाणवतही नाही, पण शंभराच्या जवळ पोहोचल्यावर त्यामुळे दाराबाहेर माणसे राहू शकतात.

वर्षातून एकदाच होणाऱ्या व्याख्यानासाठी वरची योजना घेणे मला योग्य वाटले नाही. सशुल्क खात्यातून बैठक थेट यूट्यूबवर दाखवता येते, म्हणून आम्ही जुन्या विद्यार्थ्यांना यूट्यूबची लिंक दिली आणि प्रश्न विचारू इच्छिणाऱ्या नव्या लोकांसाठी झूमच्या जागा राखल्या. एकाच उपकरणावरून यावे, अशी विनंतीही आमंत्रणात लिहिली. हा मार्ग निवडणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच करावी. यूट्यूब चॅनेलवर थेट प्रक्षेपण पहिल्यांदा सुरू करताना परवानगी मिळायला चोवीस तासांपर्यंत लागू शकतात. आम्ही तीन दिवस आधी ते करून ठेवले होते.

सर्वांत उशिरा समजलेली मर्यादा साठवणुकीची आहे. वेळ संपली की बैठक बंद होते, तेव्हा ते तत्काळ कळते. जागा मात्र आठवड्यागणिक हळूहळू भरत जाते. तिसऱ्या महिन्यात मी वेबवरच्या खात्यात रेकॉर्डिंगची यादी उघडली, तेव्हा दहापैकी सुमारे साडेआठ जीबी जागा संपलेली होती. बारा वर्गांत एवढी जागा जाते, याचा अर्थ एका वर्गाला सुमारे सातशे एमबी लागत होते. दीड तासाच्या रेकॉर्डिंगला हे मला फार वाटले, म्हणून एक एक वर्ग उघडून पाहिला. प्रत्येक वर्गाच्या दोन चित्रफिती साठत होत्या. एकीत पडद्यावरच्या दफ्तराबरोबर बोलणाऱ्याचे चित्र होते, आणि दुसरीत तेच दफ्तर सगळ्या विद्यार्थ्यांच्या चौकटींसह होते.

कोणत्या चित्रफिती साठवायच्या हे `Settings` मधल्या `Recording` या भागात बदलता येते. मी `Record active speaker with shared screen` एवढाच पर्याय ठेवला आणि `Record gallery view with shared screen` बंद केला. पुढच्या रविवारच्या वर्गाला सुमारे साडेतीनशे एमबी लागले, म्हणजे त्याच दहा जीबीत चौदाऐवजी अठ्ठावीस वर्ग मावतील असा हिशेब झाला. विद्यार्थ्यांचे चेहरे साठवण्याची गरज नव्हतीच; ते न साठवणे त्यांच्या खासगीपणाच्या दृष्टीनेही मला अधिक बरे वाटते. तिथेच ठरावीक दिवसांनंतर रेकॉर्डिंग आपोआप पुसण्याचीही सोय आहे. ती मी मुद्दाम सुरू केली नाही, कारण परदेशातले काही विद्यार्थी दोन-दोन महिन्यांनी मागचे वर्ग पाहतात.

जुने वर्ग मी आधी उतरवून बाहेरच्या हार्डडिस्कवर घेते, फाइल अखेरपर्यंत चालते का ते शेवटची पाच मिनिटे पाहून तपासते आणि मगच क्लाउडवरून पुसते. चुकून पुसलेले रेकॉर्डिंग तीस दिवसांपर्यंत `Trash` मधून परत आणता येते आणि एकदा मला त्याची गरजही पडली. वर्ग क्लाउडवरून काढला की विद्यार्थ्यांकडची त्याची जुनी लिंक चालेनाशी होते, म्हणून कोणता वर्ग कोणत्या तारखेला काढणार हे मी गटावर आठ दिवस आधी कळवते. वार्षिक वर्गणीची मुदत पुढच्या महिन्यात संपते आहे. नूतनीकरण करायचेच आहे, तरी त्याआधी उरलेले अकरा वर्ग उतरवून घेण्याचे काम मी या आठवड्यात हाती घेतले आहे.